बिलाचा जॉब, थांबलेला वर्कर आणि कुंपण: प्रकल्प नोंदी

१२ जून, बुधवार

सकाळी साडेनऊला दूध संघाच्या अकाउंट्समधल्या काकांचा फोन. "मॅडम, दर रात्रीच वाढवला ना आपण? मग काही गवळ्यांना जुन्या दरानं बिल कसं?" एकच बिल वाचून दाखवलं त्यांनी. दहा दिवसांचं गाईचं दूध ८४.५ लिटर, आणि बिल बरोबर ८४ रुपये ५० पैशांनी कमी. म्हणजे लिटरमागं रुपया, कालच्या दरवाढीएवढाच.

काल रात्री दर बदलला तेव्हा बिलाचा जॉब चालू होता. मला वाटलं, दर बदलायच्या आधी झालेली बिलं तशीच राहिली असतील. पण मग सुरुवातीची सगळी जुन्या दराची असायला हवी होती. तपासलं तर जुन्या दराची बिलं सलग ६०० निघाली, आणि तीही मधलीच: तुकडा १३, १४ आणि १५. त्यांच्या आधीची २४०० बिलं नव्या दराची, नंतरचीही नव्या दराची.

संदर्भासाठी, जॉब असा चालतो. ६२०० उत्पादक, २०० चा एक तुकडा, एकूण ३१ तुकडे. तुकड्याचा हिशेब मेमरीत होतो, त्याला साधारण ४ सेकंद लागतात, आणि शेवटी एकाच `INSERT ... ON CONFLICT DO UPDATE` नं बिलं लिहिली जातात. दरपत्रक जॉब सुरू होताना एकदाच वाचलं जातं. वर्कर, म्हणजे हा जॉब चालवणाऱ्या प्रोसेस, दोन आहेत. ज्याच्याकडं रेडिसमधलं कुलूप तो काम करतो, दुसरा दर ५ सेकंदांनी दार ठोठावत बसतो. कुलपाची मुदत ३० सेकंद, आणि काम करणारा दर १० सेकंदांनी ती वाढवून घेतो.

आज ६०० बिलं हातानं दुरुस्त करून दिली. बँकेची फाइल अजून गेली नव्हती, ते नशीब.

१३ जून, गुरुवार

दिवसभर लॉग वाचले. वर्कर-१ च्या लॉगमध्ये काहीच वावगं नाही, आणि त्यानंच मला चकवलं. तुकडा १२ संपला २३:३८:४८ ला, तुकडा १३ २३:३८:५२ ला, १४ २३:३८:५६ ला, १५ २३:३९:०० ला. मग "कुलूप गेलं, थांबतो" अशी ओळ आणि पूर्णविराम. दर चार सेकंदांना एक तुकडा, मधे खंड नाही.

वर्कर-२ चं म्हणणं वेगळं. त्याला २३:३९:२२ ला कुलूप मिळालं आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

दोघांचं जुळेना, म्हणून डेटाबेसला विचारलं. बिलांच्या तक्त्यात `updated_at` आहे आणि तो डेटाबेसच्या घड्याळानं भरतो. तिथं तुकडा १३, १४, १५ ची वेळ २३:४०:२८, २३:४०:३२, २३:४०:३६. वर्कर-१ म्हणतो २३:३८:५२ आणि डेटाबेस म्हणतो २३:४०:२८. ९६ सेकंदांचा फरक.

ही ९६ सेकंदं कुठं गेली ते सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रानं दुपारी सांगितलं. वर्कर-१ ज्या व्हीएमवर, म्हणजे आभासी यंत्रावर, चालतो त्याचा रात्री पावणेबाराच्या आसपास स्नॅपशॉट बॅकअप होतो आणि तेवढा वेळ व्हीएम गोठवलेलं असतं. व्हीएमसोबत त्याचं घड्याळही गोठलं. जागं झाल्यावर ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू लागलं, बाहेरच्या वेळेशी जुळलं ते नंतर. म्हणून लॉगमध्ये खंड दिसत नाही. झोपलेल्या माणसाला झोपेचा वेळ कळत नाही, तसंच.

आता क्रम लागतो. वर्कर-१ नं शेवटची मुदतवाढ २३:३८:५० ला घेतली. २३:३८:५२ ला तो गोठला, तेव्हा तुकडा १३ चा हिशेब मेमरीत तयार होता, लिहायचाच बाकी होता. २३:३९:०५ ला काकांनी दर वाढवला. २३:३९:२० ला कुलपाची मुदत संपली, दोन सेकंदांनी वर्कर-२ नं कुलूप घेतलं आणि नवं दरपत्रक वाचून काम सुरू केलं. २३:४०:२६ पर्यंत त्याचे १६ तुकडे झाले. दोनच सेकंदांनी वर्कर-१ जागा झाला आणि हातातला तुकडा १३ त्यानं जुन्या दरानं वरून लिहिला. त्याचा मुदतवाढीचा टायमर १० पैकी २ सेकंद मोजून गोठला होता, त्यामुळं पुढची मुदतवाढ आणखी ८ सेकंदांनी. तेवढ्यात १४ आणि १५ पण गेले. मुदतवाढ नाकारली गेली तेव्हा कुठं त्याला कळलं.

जॉब आयडेम्पोटंट आहे म्हणून मी निर्धास्त होते. एकच काम दोनदा झालं तरी उत्तर तेच यायला हवं, हा हिशेब. पण दोन वर्करांच्या हातात दोन वेगळी दरपत्रकं असतील तर ते एकच काम राहत नाही. मग `ON CONFLICT DO UPDATE` चा अर्थ एवढाच उरतो: जो शेवटी लिहील त्याचं खरं.

१४ जून, शुक्रवार

बैठक. पहिली सूचना अपेक्षित होतीच: मुदत ३० सेकंदांची ५ मिनिटं करा. मी विरोध केला. बॅकअप किती वेळ घेईल ते आपल्या हातात नाही, उद्या डिस्क वाढली की ९६ चे ४०० सेकंद होतील. शिवाय वर्कर खरोखरच मेला तर पाच मिनिटं कोणीच काम करणार नाही. मुदत वाढवली तर चूक क्वचित होईल, पण होईलच, आणि क्वचित होणारी चूक सापडायला जास्त अवघड.

दुसरी सूचना जास्त विचाराची होती: लिहिण्याआधी वर्करनं स्वतःच पाहावं, शेवटच्या मुदतवाढीला ३० सेकंद होऊन गेले का? कल्पना चांगली, पण पाहणार कोणत्या घड्याळात? त्या रात्रीचं घड्याळ तर त्याच्यासोबत झोपलं होतं. बैठकीतच लिनक्सच्या चाचणी-यंत्रावर करून दाखवलं. प्रोसेसला `kill -STOP` दिला, ४० सेकंदांनी `kill -CONT`. पायथॉनच्या `time.monotonic()` नं ४० सेकंद बरोबर मोजले. मग `virsh suspend` नं अख्खं व्हीएम तेवढाच वेळ थांबवलं, तर आतल्या घड्याळाच्या लेखी काही झालंच नव्हतं.

आणि घड्याळ बरोबर असलं तरी पाहणं आणि लिहिणं यांच्या मधे फट राहतेच. पाहिलं, मुदत शिल्लक होती, तेवढ्यात झोप लागली, जाग आल्यावर लिहिलं. ही फट वर्करच्या बाजूनं कितीही काळजी घेतली तरी बुजत नाही. जो झोपतो त्यानंच आपण झोपलो होतो का हे ठरवायचं, यात अर्थ नाही. ते ठरवायचं लिहून घेणाऱ्यानं, म्हणजे डेटाबेसनं.

ठरलं: फेन्सिंग टोकन. कुलूप देताना दर वेळी वाढत जाणारा क्रमांक द्यायचा. वर्करनं प्रत्येक लिखाणासोबत तो दाखवायचा. डेटाबेसनं आजवर पाहिलेला सर्वांत मोठा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि त्याहून लहान क्रमांक आला की लिखाण नाकारायचं. रेडिसच्या कुलपात आम्ही एक यादृच्छिक मूल्य ठेवत होतो, पण ते फक्त "हे कुलूप माझंच आहे का" एवढंच सांगतं. दोन यादृच्छिक मूल्यांत नवं कोणतं, हे सांगता येत नाही.

१७ जून, सोमवार

कुलूप रेडिसमधून पोस्टग्रेसमध्ये आणलं. क्रमांक कधीही मागं जाता कामा नये ही पहिली अट, आणि रेडिसची प्रतिकृती मागून जुळते. ऐन वेळी मुख्य रेडिस पडला तर शेवटची वाढ हरवू शकते, म्हणजे एकच क्रमांक दोघांना. बिलं पोस्टग्रेसमध्येच आहेत, तर क्रमांकही तिथंच बरा.

```sql
UPDATE job_lease
   SET holder = $1, token = token + 1,
       expires_at = clock_timestamp() + interval '30 seconds'
 WHERE name = 'milk_bill'
   AND expires_at < clock_timestamp()
RETURNING token;
```

ओळ परत आली तर कुलूप, म्हणजे लीज, मिळालं, नाही आली तर नाही. दोघांनी एकाच क्षणी मागितलं तर दुसरा ओळीच्या लॉकसाठी थांबतो, आणि पहिला कमिट झाला की त्याच्यासाठी `WHERE` पुन्हा तपासलं जातं. तोवर `expires_at` पुढं गेलेलं असतं, त्याला काही मिळत नाही. `now()` मुद्दाम टाळलं, कारण पोस्टग्रेसमध्ये ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नाही. मुदत ठरवणारं घड्याळ आता एकच आहे, डेटाबेसचं. वर्करच्या घड्याळाला मत नाही.

कुंपण, म्हणजे आजवर पाहिलेला सर्वांत मोठा क्रमांक, वेगळ्या तक्त्यात, दहा दिवसांच्या बिलचक्राच्या ओळीवर. बिलांचा तुकडा लिहिण्याआधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये:

```sql
UPDATE bill_cycle SET fence = $1
 WHERE cycle_id = $2 AND fence <= $1;
```

एक ओळ बदलली तर पुढं बिलं लिहायची आणि कमिट. शून्य ओळी बदलल्या तर रोलबॅक करून प्रोसेसच बंद, पुन्हा प्रयत्न नाही. `<` नाही, `<=` हवं, कारण एकच वर्कर तोच क्रमांक ३१ वेळा दाखवणार आहे.

कुंपण `job_lease` च्या ओळीवरच ठेवायचा मोह झाला होता, `SELECT ... FOR SHARE` करून. करून पाहिलं, तर स्वतःचीच मुदतवाढ अडकली. तुकडा लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शननं ओळ धरून ठेवलेली, आणि मुदत वाढवणारा धागा दुसऱ्या कनेक्शनवरून त्याच ओळीवर `UPDATE` करायला आलेला. ओळी वेगळ्या केल्यावर भांडण मिटलं.

धाकट्या सहकाऱ्याचा प्रश्न: मुदत संपली, पण कुलूप दुसऱ्या कोणी घेतलंच नाही, तर जुन्यानं लिहिलेलं चालतं का? चालतं. त्याचाच क्रमांक सर्वांत मोठा आहे, त्याच्याशी भांडायला कोणी आलेलं नाही. मुदत संपल्यानं दुसऱ्याला आत यायची परवानगी मिळते, एवढंच. पहिल्याला बाहेर काढतं ते कुंपण, आणि तेही दुसरा आल्यावरच.

१९ जून, बुधवार

१७ तारखेच्या रचनेत एक भोक होतं. वर्कर `UPDATE bill_cycle` करून झाल्यावर आणि कमिट करायच्या आधी गोठला तर? ओळीचं लॉक त्याच्याकडं. नव्या वर्करला `job_lease` मधून क्रमांक मिळतो, पण त्याचं पहिलंच लिखाण त्या ओळीपाशी अडकतं. `virsh suspend` नं मुद्दाम तिथंच गाठून पाहिलं. नवा वर्कर चार मिनिटं तसाच उभा होता, मग मीच कंटाळून थांबवलं. चुकीचं काही लिहिलं गेलं नाही हे खरं, पण काम ठप्प.

यावर पोस्टग्रेसमध्ये सोय आहे, पण ती मुळात बंद असते:

```sql
ALTER ROLE billing SET idle_in_transaction_session_timeout = '10s';
```

ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोणी दहा सेकंद गप्प बसलं की सर्व्हर ते सत्रच तोडतो आणि लॉक सुटतं. झोपलेला जागा होऊन `COMMIT` पाठवतो तेव्हा त्याला तुटलेलं कनेक्शन मिळतं. आमच्या लायब्ररीनं मग स्वतःहून नवं कनेक्शन काढून पुन्हा प्रयत्न केला. क्षणभर पोटात गोळा आला, पण पुन्हा प्रयत्न म्हणजे पुन्हा कुंपण. तिथं त्याचा ७ क्रमांक नव्या ८ पुढं टिकला नाही.

दहा सेकंद हा आकडा बिनधास्त लहान ठेवता आला, कारण हिशेब मेमरीत होतो आणि ट्रान्झॅक्शन सेकंदभराचंही नसतं. हिशेब ट्रान्झॅक्शनच्या आत असता तर हे जमलं नसतं.

२१ जून, शुक्रवार

आज रात्री ११ ते २० चं बिल, नव्या रचनेवर पहिल्यांदा. बॅकअपची वेळ मुद्दाम बदलू दिली नाही. मित्र म्हणाला, "हौस आहे तुला." जॉब लवकर संपला, बॅकअप नंतर झाला. काहीच सिद्ध झालं नाही.

२४ जून, सोमवार

नव्या वर्करनं पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करणं वाया जातं, म्हणून "राहिलेलं तेवढंच कर" अशी सोय केली. कुलूप मिळाल्यावर ज्यांचं बिल झालेलं नाही त्यांची यादी काढायची आणि तेवढीच करायची. दरपत्रकाची आवृत्ती आता बिलचक्रावर नोंदवली जाते. ती बदलली असेल तर मात्र सगळं पुसून पहिल्यापासून. त्याच ओघात उचलीचा हप्ताही तुकड्यासोबत कापायला घेतला, आधी तो शेवटी एकदम कापायचो.

चाचणीत एका उत्पादकाच्या खात्यावर ५०० रुपयांचा हप्ता दोनदा कापला गेला. कुंपण जागेवर, टोकनं बरोबर, तरी दोनदा!

तासभर डोकं धरून बसले. मग कागदावर ओळी लिहिल्या:

```
w2  लीज मिळालं, token = 12
w2  यादी वाचली: तुकडा १३ बाकी
w1  जागा झाला, token = 11, fence = 11 -> मान्य
w1  तुकडा १३ लिहिला, हप्ता ५००
w2  तुकडा १३ लिहिला, fence = 12, हप्ता ५००
```

नव्याला १२ क्रमांक मिळाला खरा, पण तो डेटाबेसच्या कुंपणापर्यंत पोचला त्याच्या पहिल्या लिखाणासोबत, म्हणजे हिशेबाच्या चार सेकंदांनंतर. तोवर कुंपण ११ वरच होतं आणि जुन्याचं ११ अगदी वैध. बिल वरून लिहिलं गेलं तर ते बिलच राहतं, पण हप्ता ही खात्यातली नवी ओळ आहे, ती वरून लिहिली जात नाही.

उपाय एका ओळीचा: आधी कुंपण, मग वाचन. लीज मिळालं की पहिलं काम `fence = 12` करून कमिट करणं. यादी, दरपत्रक, उचलीची शिल्लक, सगळं त्यानंतरच वाचायचं. कुंपण उंचावण्याआधी वाचलेली कोणतीही गोष्ट जुना वर्कर अजून बदलू शकतो. कुंपण उंचावल्यानंतर वाचाल ते मात्र जुना वर्कर बदलू शकणार नाही.

ही चाचणी कायमची ठेवली आहे. वर्कर-१ ला लिहिण्याच्या तोंडावर `kill -STOP`, ३५ सेकंद थांबायचं, वर्कर-२ ला कुंपण आणि यादी यांच्या मधे ५ सेकंद झोप, त्या झोपेत वर्कर-१ ला `kill -CONT`. क्रम उलटा केला की ५०० रुपये दोनदा दिसतात, सुलटा केला की वर्कर-१ नाकारला जातो. उलटा करून एकदा नापास होताना पाहिल्याशिवाय चाचणीवर माझा विश्वास बसत नाही.

२६ जून, बुधवार

चाचणी-सर्व्हरवर सकाळपासून एकही जॉब चालेना. प्रत्येक वर्कर लीज घेतो आणि लगेच "जुनं टोकन" म्हणून बाहेर पडतो. काल संध्याकाळी कोणीतरी "कुलूप अडकलंय" म्हणून `job_lease` मधली ओळ पुसून नवी घातली होती, `token = 0` सह. कुंपण ४७ वर, नव्या वर्करांना १, २, ३ असे क्रमांक.

चूक सुरक्षित बाजूला झाली, काहीही चुकीचं लिहिलं गेलं नाही. पण पगाराच्या रात्री असं झालं असतं तर मला कोणी सुरक्षित बाजू ऐकवू दिली नसती. त्या तक्त्यावरचा `DELETE` चा हक्क काढला. कुलूप सोडवायची एकच रीत ठेवली: `expires_at` मागची वेळ करायची, `token` ला हात लावायचा नाही.

२८ जून, शुक्रवार

बँकेच्या फाइलचा प्रश्न लांबणीवर टाकत होते. ती फाइल एसएफटीपीनं बँकेच्या सर्व्हरवर जाते आणि त्या सर्व्हरला आमचं टोकन कळत नाही. तिथं कुंपण घालता येत नाही.

गूगलच्या चबी या कुलूपसेवेवरचा २००६ चा शोधनिबंध पुन्हा काढला. तिथं टोकनाला सीक्वेन्सर म्हणतात, आणि ज्या सर्व्हरना ते तपासता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी, कच्ची सोय आहे: धारक अचानक नाहीसा झाला तर कुलूप काही काळ कोणालाच द्यायचं नाही, जास्तीत जास्त एक मिनिट. जुन्याच्या वाटेत असलेल्या विनंत्या तोवर पोचून जातात. ही खात्री नव्हे, शक्यता कमी करणं आहे, आणि ते तसं उघड म्हणतात.

आम्ही दोन गोष्टी केल्या. फाइल थेट मेमरीतून पाठवायची नाही. आधी ती कुंपणाच्या आत डेटाबेसमध्ये एकदाच तयार होऊन गोठते, आणि पाठवणारा तीच बाइटं पाठवतो. फाइलचं नाव बिलचक्रावरून, टोकनावरून नाही. म्हणजे झोपलेल्यानं उठून पुन्हा पाठवलीच तर त्याच नावावर तीच फाइल पडेल. दुसरं, पाठवण्याचं काम ताब्यात घेणारा एक मिनिट थांबतो. बँकेनं पहिली फाइल उचलल्यानंतर दुसरी पोचली तर? काकांनी बँकेत विचारलं. एकच फाइल-संदर्भ दुसऱ्यांदा आला तर ते नाकारतात म्हणे. तसं लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही.

एसएमएस दोनदा जाऊ शकतो. काका म्हणाले, "जाऊ दे की, पैसे आल्याचा मेसेज दोनदा आला म्हणून कोण भांडतंय?" तो विषय संपला.

२ जुलै, मंगळवार

काल रात्री २१ ते ३० चं बिल. जॉब उशिरा सुरू झाला आणि बॅकअपनं त्याला गाठलं. वर्कर-१ च्या लॉगमध्ये नेहमीप्रमाणं खंड नाही, पण यावेळी शेवट वेगळा आहे:

```
batch 19 rejected: token=57 fence=58 cycle=21-30
exiting
```

डेटाबेसच्या घड्याळानं वर्कर-१ चं शेवटचं मान्य लिखाण आणि हा नकार यांत १११ सेकंद गेलेत. तुकडा १९ ते ३१ सगळे टोकन ५८ चे. उचलीचे हप्ते मोजले, एका उत्पादकाला एकच. नकाराच्या ओळीवर अलर्ट लावलाय. काही बिघडलं म्हणून नव्हे, व्हीएम किती वेळ गोठतं ते मला तिथूनच कळतं म्हणून. त्यातले हिशेबाचे ४ सेकंद वजा केले तर १०७. जूनमध्ये ९६ होते.